घोरणारं मूल आणि कोपनहेगनच्या डॉक्टरचं बोट

एका वाचक-आईचा प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, नाक कायम चोंदलेलं, तोंड उघडं ठेवून झोपतो, रोज रात्री घोरतो. एक्स-रेत अ‍ॅडिनॉइड वाढलेले दिसले. ऑपरेशन करावंच लागेल का?

अ‍ॅडिनॉइड नाकाच्या अगदी मागे, टाळूच्या वर असतात. आ करून ते दिसत नाहीत, म्हणूनच वैद्यकाच्या नजरेतून ते फार काळ निसटले. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी कमी ऐकू येणाऱ्या, बंद नाकातून बोलणाऱ्या एका तरुणीच्या घशातून टाळूमागे सरळ बोट घातलं. बोटाला मऊ मांसल गोळा लागला! मग त्यांनी नाकातून आत सरकवायची कडीसारखी छोटी सुरी केली आणि घशातल्या बोटाने तिला वाट दाखवली.

गोळा वाढला की नाकामागची वाट अडते. जागेपणी मूल तोंडाने निभावून नेतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, आणि टॉन्सिलही मोठे असतील तर श्वास मध्येच अडतो. म्हणून त्या आईने घोरण्याच्या आवाजापेक्षा त्यातल्या खंडाकडे लक्ष द्यावं. घोरणं एकदम थांबतं, छाती मात्र आत ओढली जात असते, मग दचकून मोठा श्वास येतो. मोबाइलवर घेतलेला याचा व्हिडिओ डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. त्या आईच्या मुलाला हाकही दोनदा मारावी लागते, त्याचं कारणही हाच गोळा असू शकतो. कानातून नाकामागे उघडणारी नळी तिथेच असते; ती नीट चालेनाशी झाली की पडद्यामागे पाणी साठतं. तेव्हा ऐकण्याची तपासणीही हवी.

एक्स-रेवरून निर्णय घ्यायची घाई मला पटत नाही. गोळ्याचा आकार आणि मुलाचा त्रास यांचा मेळ बसेलच असं नाही. श्वास अडत नसेल तर आधी काही आठवडे नाकात स्टेरॉइडचा स्प्रे देऊन पाहतात. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या, झोपेत श्वास अडणाऱ्या ४६४ मुलांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅडिनॉइड आणि टॉन्सिल काढलेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोप-तपासणी सात महिन्यांत सामान्य झाली. ऑपरेशन न करता नुसती देखरेख ठेवलेल्यांतही ४६ टक्क्यांची झाली. ऑपरेशनने वागणूक आणि झोप सुधारली, पण लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. ‘ऑपरेशन करा, मार्क वाढतील’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. मात्र झोपेत ऑक्सिजन बराच वेळ खाली जाणारी मुलं या अभ्यासात नव्हती. त्यांच्याबाबत वाट पाहत बसू नये.

श्वास वारंवार अडत असेल, कानातलं पाणी महिनोन्‌महिने हटत नसेल किंवा स्प्रेनेही नाक मोकळं होत नसेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. त्याआधी मुलाची पडजीभ पाहून घ्यायला सांगा. ती टोकाला दुभंगलेली असेल तर टाळूत छुपी फट असू शकते. अशा टाळूला अ‍ॅडिनॉइडचाच टेकू असतो. तो काढला की बोलताना हवा नाकातून निसटते.