फोनवरचं पहिलं वाक्य : न दिसणाऱ्या माणसाशी बोलताना

आमच्या वस्तीतल्या एका आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच फक्त उजेड-अंधार कळतो. चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडून एक ताई म्हणाल्या, "हॅलो, ओळखलं का?" आजींनी ओळखलं नव्हतं. पण नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून त्या "हो जी" म्हणाल्या आणि मनाशी धरून चालल्या की बल्लारपूरची भाची बोलते आहे. ताईंनी एका थेंबाची वेळ बदलल्याचं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि थेंब मात्र जुन्याच वेळी टाकत राहिल्या. भाचीला औषधातलं काय कळते, असं त्यांचं म्हणणं. फोन दवाखान्यातून होता हे चार दिवसांनी समजलं.

आजींचं काही चुकलं नाही. चूक त्या तीन शब्दांची होती. डोळस माणूस फोन वाजला की आधी पडद्यावरचं नाव बघतो. 'ओळखलं का' विचारायच्या आधीच त्याला उत्तर मिळालेलं असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो प्रश्न म्हणजे परीक्षा होते. अंध माणसांना विचारून पाहा, डोळसांच्या कोणत्या सवयीचा सगळ्यात जास्त वैताग येतो. आम्ही विचारलं, तेव्हा बहुतेकांनी हाच प्रश्न सांगितला. फोनवर तर आवाजही पुरता येत नाही. साध्या फोनच्या तारेतून बारीक, टोकदार सूर कापले जातात, त्यामुळे स, श, फ असे वर्ण एकमेकांत मिसळतात आणि ओळखीच्या माणसाचा आवाजही परका वाटतो.

मग सुरुवात कशी करावी? आमच्या अनुभवात एक क्रम चांगला चालतो. आधी अभिवादन आणि समोरच्याचं नाव किंवा नातं. मग आपण कोण आणि कुठले. मग काम काय आणि किती वेळाचं. शेवटी एक छोटा प्रश्न, आणि त्यानंतर गप्प बसणं. आशाताईंनी त्याच आजींना पुढं फोन केला तेव्हा त्या असं बोलल्या : "जय भीम आजी. मी आपल्या वस्तीची आशा बोलते, हापशीसमोरच्या घरातली. औषधाबद्दल दोन मिनिटं बोलायचं आहे. तुम्ही बसून आहात का?" हे म्हणायला दहा-बारा सेकंद लागतात. यातला प्रत्येक तुकडा त्या जागी का आहे, ते सांगतो.

अभिवादन पहिलं, कारण पहिला शब्द बहुतेक वेळा वाया जातो. बटण दाबून फोन कानापर्यंत जाईस्तोवर आणि लाईन जुळेस्तोवर अर्धा-एक सेकंद निघून जातो. तिथं आपलं नाव ठेवलं तर नावच बुडते. 'जय भीम' बुडालं तरी अडत नाही, उलट ऐकणारा सावध होतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'जय भीम' म्हटल्यानं आपला माणूस आहे असं वाटते, पण ती खूण कोणीही म्हणू शकतो. ओळखीचा पुरावा म्हणून ती धरू नये.

नावासोबत जागा सांगितली की नाव पक्कं बसतं. एकाच नावाच्या चार बाया वस्तीत असतात, हापशीसमोरचं घर एकच असते. कधीच भेट झालेली नसेल तर फोनवरची ओळख कच्चीच राहते. म्हणून ऑपरेशनच्या आधी एकदा घरी जाऊन, शेजारी बसून, आपला आवाज ऐकवून यावं आणि त्याच वेळी खुणेचा एक शब्द ठरवावा. घरच्या शेळीचं नावही चालते. फोनवर शंका आली की आजी तो विचारतील. हा अतिरेक नाही. 'बँकेतून बोलतो' म्हणून फसवणारे लोक स्वतःचं काही सांगायच्या आधी तुमचं विचारतात : नाव काय, आधार क्रमांक काय, आलेला ओटीपी काय. खऱ्या मदतनीसाची सुरुवात याच्या उलट असावी. आधी स्वतःचं सगळं सांगावं, नंतरच विचारावं.

कामाबद्दल 'औषधाबद्दल' एवढंच म्हटलं आहे, आजाराचं नाव घेतलं नाही. पुष्कळ अंध माणसं फोन स्पीकरवर ऐकतात आणि भोवती कोण उभं आहे ते त्यांना दिसत नाही. मोतीबिंदूचं ठीक आहे. क्षयाची गोळी असेल, सिकलसेलची तपासणी असेल, तर पहिल्याच वाक्यात घराचं गुपित ओसरीवर पडते. जवळ कोण आहे, बोलू का, हे विचारूनच पुढं जावं.

आता शेवटचा प्रश्न : 'तुम्ही बसून आहात का?' आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घरात टॉवर लागत नाही म्हणून लोक बोलत बोलत बाहेर येतात. आजीही म्हणाल्या होत्या, "थांब बापू, आंगनात येतो." एका हातात फोन आणि कान बोलण्याकडे. काठी कुठं, उंबरा कुठं, याचं भान सुटते. डोळ्यावर ऑपरेशन झालेलं, त्यात आपटलं तर काय होईल हे सांगायला नको. सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या गावांत तर अंधार पडल्यावर अंगणाच्या कडेला जाणं डोळसांनाही धोक्याचं, वाघ येतात. मार्च-एप्रिलात मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असला की घरची माणसं पहाटेच निघतात आणि म्हातारं माणूस एकटं उरते. म्हणून उत्तर 'उभी आहो' असं आलं तर बाकी सगळं थांबवावं. "बसून घ्या, मी लाईनवर आहे," म्हणावं आणि बसल्याचं त्यांच्या तोंडून ऐकावं.

याच ठिकाणी आणखी एक वाक्य कामाला येते : "फोन तुटला तर मीच लावीन, तुम्ही लावू नका." लाईन तुटली की दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही फोन व्यस्त लागतो. डोळस माणूस पडद्यावर बघून समजून घेतो. दुसऱ्याला वाटते, माणूस रागावून गेला.

हे झालं माणूस बोलतो तेव्हाचं. रेकॉर्ड केलेला आवाज बोलतो तेव्हा गोष्ट अवघड होते. मार्च 2020 मध्ये कोणालाही फोन लावला की घंटी वाजायच्या जागी आधी खोकला ऐकू यायचा, मग कोरोनाची सूचना. माहिती खरी होती, पण सुरुवात वाईट होती. पलीकडे खरंच कोणी खोकतं आहे असं कित्येकांना वाटलं. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना फोन लागला, चुकला की कोणी उचलला, तेच कळत नव्हतं. रेकॉर्डिंगची सुरुवात अशी हवी की हा यंत्राचा आवाज आहे, माणसाचा नाही, हे पहिल्याच वाक्यात समजावं. नाहीतर म्हातारी माणसं त्याच्याशी बोलू लागतात आणि उत्तर येत नाही म्हणून ओशाळतात.

आपल्या शेजारी, छत्तीसगडात, शुभ्रांशू चौधरी यांनी 2010 मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. वाचता न येणाऱ्या गावकऱ्यांना साध्या फोनवरून बातमी सांगता आणि ऐकता यावी, यासाठी ते होतं. गोंडी बोलणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता. मिस कॉल दिला की यंत्र उलटा फोन करायचं आणि सुरुवातीला निवड थोडीच असायची : स्वतःचं सांगायला 1, दुसऱ्याचं ऐकायला 2. पैसे फोन करणाऱ्याचे जात नसत, म्हणून घाईही नसे. ही साधी सुरुवात आजही घेण्यासारखी आहे. पण वाचता न येणं वेगळं आणि न दिसणं वेगळं. अक्षर न येणाऱ्याला फोनची बटणं दिसतात. अंध माणूस 5 या बटणावरचा उंच ठिपका बोटानं शोधतो आणि तिथून वर, खाली, बाजूला मोजत जातो.

म्हणून वाक्याची मांडणी बदलावी लागते. 'एक दाबा, औषधाच्या माहितीसाठी' असं म्हटलं तर आकडा आधी येतो, आणि तो कशाचा हे कळेस्तोवर विसरतो. 'औषधाच्या माहितीसाठी, एक' हे बरोबर. आधी काम, मग आकडा. निवड दोन-तीनपेक्षा जास्त नको. 'सात' आणि 'आठ' फोनवर सारखे ऐकू येतात, म्हणून ते टाळलेलेच बरे. 'आपलं हार्दिक स्वागत आहे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे सगळं काढून टाकावं. न दिसणाऱ्याला ते नजरेनं ओलांडून पुढं जाता येत नाही, शेवटपर्यंत ऐकावंच लागते.

टचस्क्रीनचा फोन असेल तर अडचण वाढते. अंध माणसाच्या फोनमध्ये टॉकबॅक चालू असते. बोट ज्यावर जाईल त्याचं नाव ते बोलून दाखवते. रेकॉर्डिंग म्हणते, 'एक दाबा'. माणूस फोन कानावरून काढतो, कीपॅड उघडतो, टॉकबॅक 'चार', 'पाच' बोलू लागते आणि दोन्ही आवाज एकमेकांवर पडतात. तेवढ्यात यंत्र म्हणते, 'आपण कोणताही पर्याय निवडला नाही', आणि फोन बंद. असं होत असेल तर दोष माणसाचा नाही, वेळ कमी दिली आहे. आकडा सांगून झाल्यावर निदान दहा सेकंद शांतता ठेवावी, मग तेच पुन्हा सांगावं. बटण दाबायची गरजच पडू नये अशी सोय असेल तर उत्तम : 'काही दाबलं नाही तरी फोन सुरू ठेवा, ताई बोलायला येतील.'

भाषेचंही असंच. भामरागड-एटापल्लीकडच्या घरात पहिलं वाक्य गोंडीत किंवा माडियात आलं नाही, तर पुढचं कोणी ऐकत नाही. 'मराठीसाठी एक' हे मराठीत म्हणावं आणि गोंडीची सोय गोंडीत सांगावी. इंग्रजीत सांगून उपयोग नाही.

त्या आजींकडे आता दोन बाटल्या आहेत. एकीला रबर बांधलेलं आहे, दुसरी उघडी आहे. परवा आशाताईंचा फोन आला तेव्हा आम्ही तिथंच होतो. 'बसून आहात का?' विचारल्यावर आजी म्हणाल्या, "बसलो जी. रबरवाली हातात हाये." मग ताईंनी फोन स्पीकरवर ठेवून खाली ठेवायला सांगितलं, कारण थेंबाला दोन्ही हात लागतात. आधी हात धुतले का ते विचारलं. रबरवालीचा थेंब पडल्यावर दुसरी बाटली उघडायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं होतं, नाहीतर पहिलं औषध वाहून जाते. तेवढा वेळ ताई लाईनवरच राहिल्या. डोळा जास्त दुखतो का, लाल झाला का, चिपड येते का, कालपेक्षा उजेड कमी वाटतो का, हे त्यांनी एकेक करून विचारलं. यातलं काही असतं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला असता. तसं काही नव्हतं. उरलेल्या वेळात आजींनी शेळीची तक्रार सांगितली.