पाच चॅनल बघतो, मग दोनशेंचे पैसे का?

केबलच्या बिलाचा विषय निघाला की एक हिशोब हमखास ऐकायला मिळतो. दोनशे चॅनलांच्या पॅकला चारशे रुपये, म्हणजे चॅनलमागे दोन रुपये. आम्ही बघतो पाच, म्हणजे आमचं खरं बिल दहा रुपये. उरलेले तीनशे नव्वद नको असलेला माल गळ्यात मारून काढलेले. हा हिशोब शिकलेली, एरवी पैशापैशाचं गणित चोख ठेवणारी माणसं मांडतात आणि त्यावर माना डोलतात. तो चुकीचा आहे. थोडाथोडका नाही, मुळातून.

यात दोन समजुती एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली अशी की पॅकच्या किमतीला चॅनलांच्या संख्येने भागलं की एका चॅनलची किंमत निघते. दुसरी अशी की जी वस्तू आपल्याला नकोच आहे तिचे पैसे विक्रेता पॅकमधून वसूल करू शकतो. दोन्ही तपासायला दोनच घरं पुरेत. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

एका घरात संध्याकाळी सातपासून मालिका चालतात. मालिकांच्या चॅनलसाठी हे घर महिन्याला जास्तीत जास्त ६० रुपये देईल. खेळांचा चॅनलही कधीमधी लागतो, त्याचं मोल त्यांच्या लेखी २० रुपये. दुसरं घर क्रिकेटचं. तिथे खेळांच्या चॅनलला ६० रुपये द्यायची तयारी आहे, मालिकांना २५. विक्रेता एकच आहे, एक घर वाढल्याने त्याचा खर्च वाढत नाही आणि कोणतं घर कोणत्या प्रकारचं हे त्याला बाहेरून कळत नाही. त्यामुळे त्याला दोघांना एकच भाव सांगावा लागतो.

आता तो चॅनल सुटे विकतो असं धरा. मालिकांचा भाव २५ ठेवला तर दोन्ही घरं घेतील, मिळतील ५०. भाव ६० ठेवला तर एकच घर घेईल, पण मिळतील ६०. तो ६० ठेवेल. खेळांच्या चॅनलचंही तेच: २० ला दोघांकडून ४०, ६० ला एकाकडून ६०. तोही ६० ला. एकूण कमाई १२० रुपये, आणि प्रत्येक घरात एकेकच चॅनल.

मग तो दोन्हींचा पॅक करतो. पहिल्या घराच्या लेखी पॅकचं मोल ६० अधिक २०, म्हणजे ८०. दुसऱ्याच्या लेखी २५ अधिक ६०, म्हणजे ८५. पॅकचा भाव ८० ठेवला की दोघंही घेतात आणि कमाई होते १६०.

इथे थांबून त्या प्रसिद्ध भागाकाराकडे बघा. पॅक ८० रुपयांचा, चॅनल दोन, म्हणजे चॅनलमागे ४०. मालिकावालं घर म्हणतं, आम्हाला फक्त मालिका द्या, आम्ही ४० देतो. पण पॅक मोडल्यावर तो चॅनल ४० ला मिळत नाही, ६० ला मिळतो. कारण पॅक नसेल तर विक्रेत्याला परवडणारा भाव तोच आहे. सुट्या चॅनलचा भाव, तो आवडीने बघणारे लोक किती द्यायला तयार आहेत यावर ठरतो. पॅकमध्ये किती चॅनल आहेत याचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि या उदाहरणात लुबाडलं कोण गेलं? सुट्या विक्रीत दोन्ही घरं आपापलं सगळं मोल मोजत होती, पदरात शिल्लक शून्य. पॅकमध्ये पहिल्या घराची शिल्लक शून्यच राहिली, दुसऱ्याचे ५ रुपये वाचले, आणि दोन्ही घरांत दोन्ही चॅनल आले. विक्रेत्याचे ४० रुपये वाढले ते पहिल्या घराच्या खेळांतून आणि दुसऱ्या घराच्या मालिकांतून, म्हणजे जे मोल सुट्या विक्रीत वाया जात होतं त्यातून.

दुसरी समजूत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेली आहे. तिथल्या टीव्ही केंद्रांना जुने सिनेमे गठ्ठ्याने विकले जात. १९६२ सालच्या लोज कंपनीविरुद्धच्या निकालात वॉशिंग्टनच्या एका केंद्राचं उदाहरण आहे: ‘कॅसाब्लांका’सारखे मोजके गाजलेले सिनेमे हवे असताना त्याला ९९ सिनेमांचा गठ्ठा १,१८,८०० डॉलरला घ्यावा लागला, आणि त्यात ‘गोरिला मॅन’सारखे सिनेमेही आले. न्यायालयाने अशी विक्री बेकायदा ठरवली. पुढच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी (त्यांना १९८२ मध्ये नोबेल मिळालं) त्यावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. एका सिनेमाचं मोल केंद्राच्या लेखी १०,००० डॉलर आणि दुसऱ्याचं शून्य असेल, तर दोन्हींच्या गठ्ठ्याला ते केंद्र १०,००० च देईल. शून्य मोलाची वस्तू जोडून कोणाच्या खिशातून जास्त पैसे निघत नाहीत.

मग गठ्ठा का करायचा? स्टिग्लर यांनी दोन ग्राहक घेतले. पहिला एका सिनेमाला ८,००० आणि दुसऱ्याला २,५०० देईल; दुसरा ग्राहक ७,००० आणि ३,०००. सुटे विकले तर उत्तम भाव ७,००० आणि २,५००, दोन ग्राहकांकडून मिळून १९,०००. गठ्ठा १०,००० ला विकला तर २०,०००. इथे मात्र ग्राहकांची शिल्लक घटते: सुट्या विक्रीत दोघांचे मिळून १,५०० वाचत होते, गठ्ठ्यात ५०० च वाचतात. म्हणजे पॅकमुळे ग्राहकाचं नुकसान होऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. होतं, पण ते नको असलेल्या मालामुळे होत नाही. हव्या असलेल्या मालावर जी बचत झाली असती, ती विक्रेत्याकडे जाते.

यावरून पॅक केव्हा जिंकतो हे नेमकं सांगता येतं. एकेका वस्तूबाबत ग्राहकांत मोठी तफावत हवी आणि बेरजेत ती मिटायला हवी. आमच्या दोन घरांत मालिकांबद्दल ३५ रुपयांचं अंतर आहे, खेळांबद्दल उलट्या दिशेने ४० चं, आणि बेरजेत उरतं फक्त ५ चं. एकच भाव सांगणाऱ्या विक्रेत्यासाठी हे सोन्यासारखं आहे, कारण दोघांच्या खिशाला लागू पडणारा भाव त्याला सापडतो.

बेरीज जुळली नाही तर पॅक हरतो, आवडी कितीही विरुद्ध असल्या तरी. हे अर्थशास्त्र शिकवणारेही कधीकधी घाईत सोडून देतात. पहिलं घर मालिकांना ९० आणि खेळांना १० देतं, दुसरं मालिकांना १० आणि खेळांना ४०, असं धरा. आवडी पूर्ण उलट आहेत, पण बेरजा १०० आणि ५०. सुट्या विक्रीत ९० अधिक ४०, म्हणजे १३० मिळतात. पॅक १०० ला ठेवा किंवा ५० ला, हाती १०० च येतात. आणि दोघांच्या आवडी एकाच दिशेच्या असतील, एकाला दोन्ही ६० चे आणि दुसऱ्याला दोन्ही २० चे, तर पॅक आणि सुटी विक्री यांत एका रुपयाचाही फरक पडत नाही: दोन्हीकडे १२०.

वरच्या ९०-४० च्या गणितात सर्वांत जास्त कमाई तिसऱ्या मार्गाने होते. पॅक १०० ला ठेवायचा, खेळांचा चॅनल सुटाही ४० ला ठेवायचा. पहिलं घर पॅक घेतं, दुसरं सुटा चॅनल, एकूण १४०. ॲडम्स आणि येलेन यांनी १९७६ मध्ये या मिश्र पद्धतीची रीतसर मांडणी केली, आणि बाजारात आपल्याला बहुतेक वेळा तीच दिसते. सुट्या चॅनलचा भाव पॅकच्या मानाने इतका जास्त का, ही तक्रार इथूनच येते. तो भाव ज्यांना फक्त तेवढंच हवं आहे त्यांच्यासाठी लावलेला असतो, आणि तो जितका चढा तितके बाकीचे पॅककडे वळतात.

ट्रायच्या नियमांची ओढाताण याच जागी आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याकडे सुटे चॅनल निवडण्याची सोय झाली; तेव्हा पहिल्या शंभर चॅनलांच्या जोडणीचे १३० रुपये अधिक कर होते, वर प्रत्येक सशुल्क चॅनलचा छापील भाव. कंपन्यांनी सुट्या चॅनलांचे भाव चढे ठेवून पॅकवर भरघोस सूट दिली, तेव्हा निवड नावापुरती उरते अशी ओरड झाली. नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत ट्रायने पॅकमध्ये घालता येणाऱ्या चॅनलच्या भावाला १९ रुपयांची आणि पॅकवरच्या सुटीला ४५ टक्क्यांची मर्यादा घातली. पॅकवर बंदी नाही, सुट्या भावात आणि पॅकच्या भावात किती अंतर असावं यावर बंधन. रोग कुठे आहे ते ओळखूनच हा उपाय केला आहे.

पॅक पूर्ण मोडला तर काय होईल, याचं सर्वांत काटेकोर गणित अमेरिकन केबलबद्दल क्रॉफर्ड आणि युरुकोग्लू यांनी २०१२ मध्ये मांडलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सगळे चॅनल सुटे झाले तर चॅनल कंपन्या केबलवाल्यांकडून घेत असलेले दर वाटाघाटीत वाढून सरासरी दुपटीवर जातील, आणि ग्राहकांचा एकूण फायदा जवळपास होता तिथेच राहील किंवा थोडा घटेल. दहा रुपयांच्या बिलाचं स्वप्न दाखवणाऱ्यांनी निदान हा निबंध वाचावा.

एक अट मी सुरुवातीलाच हळूच घातली होती: एक घर वाढल्याने खर्च वाढत नाही. चॅनल, सॉफ्टवेअर, डिजिटल अंक यांना ती लागू पडते. दिवाळीच्या तयार फराळाच्या डब्याला पडत नाही. ज्याला अनारसे नकोत त्याच्या डब्यातही तांदूळ, गूळ, तूप आणि करणाऱ्या बाईंची मेहनत जातेच. आमच्याच पहिल्या उदाहरणात प्रत्येक वस्तूला २० रुपये खर्च धरला तर सुट्या विक्रीत १२० मधून ४० वजा होऊन ८० उरतात, आणि पॅकमध्ये १६० मधून ८० वजा होऊन तेवढेच ८०. खर्च ३० झाला की सुट्यात ६० उरतात आणि पॅकमध्ये ४०. ज्याच्या लेखी वस्तूचं मोल तिच्या खर्चाहून कमी आहे, त्याला ती देणं हा तोटाच.

उरलेल्या समजुती थोडक्यात. ‘पॅक म्हणजे सवलत’: मिश्र पद्धतीत सुटा भाव मुद्दाम चढा ठेवलेला असू शकतो, त्यामुळे सवलत कशाच्या तुलनेत आहे ते बघा. ‘आवडी उलट्या असतील तरच पॅक चालतो’: मॅकॅफी, मॅकमिलन आणि व्हिन्स्टन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आवडींचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी मिश्र पॅक सहसा निव्वळ सुट्या विक्रीपेक्षा जास्त कमावतो. ‘न खपणारा माल खपवायलाच पॅक करतात’: कोणाच्याच लेखी मोल नसलेला माल पॅकच्या भावात एक रुपयाही भर घालत नाही. ‘असे पॅक बेकायदा असतात’: भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात एका वस्तूला दुसरी बांधून विकण्याच्या कराराचा उल्लेख आहे, पण तो आपोआप गुन्हा ठरत नाही, बाजारातल्या स्पर्धेवर त्याचा ठळक वाईट परिणाम होतो हे दाखवावं लागतं.