अंडी अचानक का घटतात?

कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार होऊन बाहेर यायला साधारण 24 ते 26 तास लागतात. त्यातले जवळजवळ 20 तास फक्त कवच चढण्यात जातात. मात्र आतला बलक त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस वाढत असतो. त्यामुळे अंडी घटली की आजच्या दिवसाकडे पाहून भागत नाही. पाणी तुटले तर परिणाम एका-दोन दिवसांत दिसतो. खाद्य बिघडले तर चार-आठ दिवस जातात आणि उजेड कमी झाला तर दोन-तीन आठवडे. रोजची अंडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली असतील, तर आकडे कोणत्या दिवसापासून आणि किती झपाट्याने उतरले एवढ्यावरूनच निम्मी कारणे बाजूला पडतात.

त्याआधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो: अंडी घालणे कमी झाले आहे की अंडी हाती लागत नाहीत? मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांत हा फरक करणे फार महत्त्वाचे असते, आणि नेमका तोच बहुतेकदा केला जात नाही. थेट खाद्य बदलले जाते किंवा दुकानातून औषध आणले जाते.

परसात 20 कोंबड्या आहेत, रोज 14 अंडी मिळत होती आणि तीन दिवसांत ती 8 वर आली, असे समजू. कोंबड्या खात-पीत आहेत, एकही मलूल नाही. अशा वेळी खेड्यातल्या जाणत्या बायका पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी कोंबड्या चाचपतात, तेच करावे. त्या दिवशी अंडे घालणाऱ्या कोंबडीच्या पोटात मागच्या बाजूला, गुदद्वाराच्या आत, कवच चढलेले टणक अंडे बोटाला लागते. चाचपल्यावर 12 कोंबड्यांत अंडे लागले आणि दुपारपर्यंत टोपलीत 8 च सापडली, तर उरलेली 4 अंडी कुठेतरी बाहेर पडत आहेत. दुसऱ्या दिवशी कोंबड्या अकरा वाजेपर्यंत कोंडून ठेवल्या की याची खात्री होते, कारण बरीचशी अंडी दुपारच्या आतच घातली जातात. खुराड्यात 12 अंडी मिळाली की अंगण, गोठा, कुंपण धुंडाळायचे. कडब्याच्या गंजीमागे अंड्यांचा ढीग आणि त्यावर खुडूक बसलेली एक कोंबडी सापडते.

येथे शोध थांबवून चालत नाही. रोजची टोपली सोडून कोंबड्या गंजीमागे का गेल्या? टोपलीतला पेंढा उचलून पाहिला तर उत्तर तळाशी असते. वेताच्या विणीत आणि लाकडाच्या भेगांत दिवसा गोचिड्या लपून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. म्हणूनच दिवसा कोंबडी हातात घेऊन पाहिली तरी अंगावर फारसे काही दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला आणि कोंबडीच्या मांड्यांच्या आतून पाहावे लागते. तुरा फिकट पडला असेल, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुरत असतील, तर संशय पक्का समजावा. पेंढा जाळून टाकणे, टोपली व दांड्यांवर उकळते पाणी ओतणे, भेगा बुजवून चुना देणे हा उपायाचा मुख्य भाग आहे. कीटकनाशक वापरायचेच झाले तर पशुवैद्यकाला विचारून वापरावे, आणि त्यानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्यावे.

हिशेब पुरा करायचा तर 14 मधली 4 अंडी गंजीमागे सापडली, एक कोंबडी खुडूक झाली, आणि उरलेल्या एका अंड्यासाठी बाकीच्या कोंबड्या एकेक करून पाहाव्या लागतील. अंड्यावरच्या कोंबडीचे गुदद्वार रुंद, ओलसर आणि फिकट असते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत दोन-तीन बोटे सहज मावतात. बंद झालेल्या कोंबडीचे गुदद्वार आक्रसलेले व कोरडे असते आणि हाडांत जेमतेम एक बोट शिरते. अशा कोंबडीच्या मानेवर आणि पंखाच्या मुळाशी नवी, काट्यासारखी पिसे दिसली, तर ती पिसे झाडते आहे. त्या काळात ती आजारी नसते, फक्त प्रथिने पिसांकडे वळलेली असतात.

लपवलेली अंडी नाहीत आणि तरी घट एका-दोन दिवसांतच झाली, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा. अंड्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणी असतो, आणि तहानलेली कोंबडी दाणेही खात नाही. साधारण हवेत एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. एप्रिल-मेच्या उन्हात हेच प्रमाण दुप्पट होते. म्हणजे वीस कोंबड्यांना हिवाळ्यात पाच लिटरचे भांडे पुरते, पण तेच भांडे मे महिन्यात दुपारीच रिकामे होते. भांडे भरलेले असूनही कोंबड्या तहानलेल्या राहू शकतात, कारण उन्हात तापलेले पाणी त्या पीत नाहीत. एखादी दांडगी कोंबडी भांड्याजवळ ठाण मांडून इतरांना हुसकते, तेव्हाही तसेच होते. जेमतेम एक दिवस पाणी पूर्ण तुटले तरी अंडी पूर्ववत व्हायला तीन-तीन आठवडे लागतात. दीड दिवस तुटले तर काही कोंबड्या अंडी सोडून थेट पिसे झाडायला लागतात. सावलीत दोन जागी भांडी ठेवणे आणि दुपारी पाणी बदलणे हा मामुली वाटणारा उपाय उन्हाळ्यातली बरीच घट थोपवतो.

उन्हाचा आणखी एक परिणाम कवचावर दिसतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. म्हणून उन्हाळ्यात अंडी कमी होतात आणि जी मिळतात तीही पातळ कवचाची, हातात फुटणारी असतात.

पातळ कवच थंडीत किंवा पावसाळ्यात दिसले तर कॅल्शियमकडे पाहावे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते खाद्यातून मिळाले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, आणि तेवढेही पुरेनासे झाले की अंडी थांबवते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम आणि सोळा-सतरा टक्के प्रथिने हवीत. तांदळाची कणी, ज्वारी, मक्याचा भरडा यांत कॅल्शियम जवळजवळ नसतेच. शिंपल्याची जाडसर पूड वेगळ्या भांड्यात ठेवली की ज्या कोंबडीला हवी ती तेवढी खाते. तयार खाद्याची पिशवी संपली आणि आठवडाभर नुसता मका टाकला, तर उतार त्या आठवड्यातच सुरू होतो. घरी खाद्य मिसळणाऱ्यांच्या हातून मीठ राहून जाते. मिठाच्या अभावी कोंबड्या एकमेकींची पिसे टोचतात आणि अंडी झपाट्याने उतरतात. बुरशी आलेला मका किंवा खवट वासाची शेंगदाणा पेंड थोडीशीही मिसळू नये. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि ऊन दाखवल्याने ते निघत नाही.

उजेडाचे गणित संथ चालते. पुण्याच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. अंडी टिकायला चौदा तास उजेड लागतो, म्हणून दिवाळीनंतर घट होणे स्वाभाविक आहे. अचानक घट मात्र तेव्हा होते, जेव्हा खुराड्यात बल्ब लावण्याची सवय असते आणि तो उडतो किंवा संध्याकाळची वीज आठवडाभर जाते.

हे सगळे तपासूनही उत्तर सापडत नसेल, तर रोगाचा विचार करावा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, सर्वांत ओळखीचा: हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मग मान पिळवटणे आणि मरतूक. लस दिलेल्या कोंबड्यांत मात्र ही चिन्हे दिसतीलच असे नाही. कोंबड्या वरवर ठीक, पण अंडी निम्म्यावर आणि त्यांतली काही मऊ किंवा वेडीवाकडी, एवढेच दिसू शकते. संसर्गजन्य ब्राँकायटिसमध्ये कवचावर सुरकुत्या पडतात आणि अंडे फोडल्यावर पांढरे पाण्यासारखे पसरते. बदकांसोबत किंवा त्यांनी वापरलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या कोंबड्यांत आणखी एक विषाणू आढळतो. कोंबड्या धडधाकट, खाणेपिणे नेहमीचे, पण तपकिरी अंड्यांचा रंग आधी उडतो आणि पाठोपाठ बिनकवचाची अंडी पडू लागतात. या तिन्ही रोगांवर प्रतिजैविकाचा उपयोग नाही. लस हाच बचाव आहे, आणि ती आधी द्यावी लागते.

अंडी एकदम थांबली आणि दोन-तीन दिवसांत एकामागून एक कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळसर पडले, डोके सुजले, तर बर्ड फ्लूची शक्यता धरावी. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे आढळला. अशा वेळी मेलेली कोंबडी कापून पाहू नये, उरलेल्या बाजारात नेऊ नयेत, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

कारण सापडून दूर झाले तरी अंडी लगेच परत येत नाहीत. टोपली स्वच्छ केल्यावर लपवलेली अंडी आठवड्याभरात पुन्हा टोपलीत मिळू लागतात. खुडूक कोंबडीला दिवसभर उजेडात, पेंढा नसलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवले की तिचे बसणे सुटते, आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. खाद्य सुधारल्यावर तेवढाच काळ धरावा. पिसे झाडणारी कोंबडी दोन-तीन महिने घेते, पण नंतर तिची अंडी आधीपेक्षा मोठी आणि जाड कवचाची असतात. बदकांच्या विषाणूची घट चार ते दहा आठवडे चालते. मानमोडीतून वाचलेल्या काही कोंबड्यांची अंडी मात्र कधीच पूर्वीइतकी होत नाहीत.