ट्रकभर शुभेच्छा, पण कुठवर?

मराठी मित्रमंडळींत वाढदिवसाची थट्टा बहुतेक वेळा चौकातल्या फ्लेक्सची नक्कल करून होते. आधी बिरुदांची माळ, मग नाव, मग ‘ट्रकभर शुभेच्छा’ आणि खाली शुभेच्छुक. भाषा दरबारी आणि विषय क्षुल्लक, यातच सगळी गंमत. पण ती सवय खास त्याचीच हवी. ‘कंजूष’, ‘आळशी’ हे कुणालाही चिकटतं. हसू येतं ते नेमक्या तपशिलाला.

समजा, मित्र कायम उशिरा येतो. मग मजकूर असा जमेल:

‘अंघोळीला जायच्या आधीच “पाच मिनिटांत पोचतो” असं कळवणारे, गोव्याची ट्रिप दर पावसाळ्यात ठरवून दर दिवाळीत रद्द करणारे, दुसऱ्याच्या ताटातल्या भज्यांवर वंशपरंपरागत हक्क सांगणारे आमचे संद्याशेठ यांना वाढदिवसाच्या ट्रकभर शुभेच्छा! ट्रक निघालाय, पाच मिनिटांत पोचतोय. बाकी संद्या, माझी आई दवाखान्यात होती त्या रात्री तू सगळ्यांच्या आधी आलास, ते मी विसरलो नाही. शुभेच्छुक: सिनेमाची सुरुवात कधीच न बघितलेले आम्ही सर्व.’

यात दवाखान्याचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते सरळ लिहायचं, त्यात कोटी नको. ज्या खोडीवरून चिडवलं तिलाच ते उत्तर देतं, म्हणून वरची थट्टा प्रेमाची ठरते.

रेषा माझ्या मते स्पष्ट आहे: माणूस जे करतो त्यावरून चिडवावं, त्याच्या वाट्याला जे आलं त्यावरून नाही. रंग, वजन, रखडलेलं लग्न, मूल नसणं, गेलेली नोकरी, जात, घरची माणसं यांना हात लावायचा नाही. ज्याला स्थळांकडून नकार येतायत, त्याला ‘भावी नवरदेव’ हे बिरुद टोचतंच, तो वरवर हसला तरी. टकलावर तो स्वतः विनोद करत असेल, तरी ती मोकळीक चार मित्रांपुरती असते. तोच मजकूर स्टेटसला टाकला की सासुरवाडी आणि ऑफिसही वाचतं.

कॉलेजच्या गॅदरिंगमधले काही फिशपॉन्ड वर्षानुवर्षं सलतात. त्यांत बरेचदा दिसण्यावर वार असायचा आणि चिठ्ठीवर नाव नसायचं, त्यामुळे उलट टोला हाणायला समोर कुणीच नसे. म्हणून शुभेच्छुकांत आपलं नाव घालावं.

चुकलं तर कळतं. एरवी लगेच फटका परतवणारा मित्र नुसते हात जोडलेले इमोजी पाठवतो आणि ग्रुपवर गप्प होतो. अशा वेळी ‘अरे, गंमत केली’ म्हणू नये, त्याने दोष उलटा त्याच्यावरच जातो. मजकूर सगळ्यांसाठी डिलीट करावा, त्याला फोन करून ‘ते लिहायला नको होतं’ एवढंच म्हणावं आणि तो काय बोलतो ते ऐकून घ्यावं.