चमचा तोंडाशी येऊन का उलटतो

सव्वा वर्षाच्या मुलाच्या हातात चमचा दिला, की तो वाटीत बरोबर जातो, वरही येतो आणि नेमका ओठांपाशी उलटा होतो. दहीभात झबल्यावर, मांडीवर, फरशीवर. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘मुद्दाम करतोय.’ मुद्दाम नसतं ते. या वयात मूल चमचा मुठीत धरतं, तळहात खाली करून. तसा धरलेला चमचा तोंडाकडे नेताना सपाट राहायचा, तर कोपरापासून खालचा हात वाटेतच थोडा थोडा फिरवत न्यावा लागतो. हे फिरवणं अजून आलेलं नसतं. मग मूल खांदा आणि कोपर उंच करून वेळ मारून नेतं, आणि शेवटच्या दोन इंचांत घास निसटतो.

गंमत अशी की याच मुलाला फरशीवर पडलेलं भाताचं शीत अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी अलगद उचलता येतं. मग चमच्यालाच मूठ का? कारण शीत उचलायला बोटांची टोकं पुरतात. चमचा मात्र लांब दांड्याचं हत्यार आहे, त्याचं दुसरं टोक हातापासून दूर असतं आणि त्यावर वजनही असतं. नवं हत्यार हाती आलं की हात पुन्हा जुन्या, भक्कम पकडीकडे वळतो. मोठ्या माणसांसारखा अंगठ्या-बोटांत चमचा धरणं साधारण तिसऱ्या वर्षाच्या सुमारास जमू लागतं.

चिमटीची पकडही एकदम येत नाही. उष्टावणानंतर, सहा-सात महिन्यांचं बाळ समोरचा घास पंजाने ओढतं आणि मुठीत बंद करतं. मुठीत गेलेला घास त्याला खाता येत नाही, कारण मूठ उघडली की तो पडतो. म्हणून या वयात बोटाएवढा लांब, उकडलेला तुकडा द्यावा, म्हणजे तो मुठीच्या वर डोकावेल. गाजर, लाल भोपळा, बटाटा चालतो, पण आपल्या दोन बोटांत दाबला की चिरडला जाईल इतका मऊ हवा. आठव्या-नवव्या महिन्यात अंगठा तर्जनीच्या कडेला टेकायला लागतो, आणि नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान दोन्हींची टोकं जुळतात. मग तुकडे लहान करायचे: इडलीचे कण, वरणात भिजवलेली पोळी, दाबून चपटा केलेला उकडलेला मटार. ताटात एका वेळी तीन-चारच ठेवावेत. ढीग दिसला की बाळ चिमट विसरतं आणि पंजा मारतं.

लहान तुकडे म्हटल्यावर भीती वाटते ती घास अडकण्याची, आणि ती रास्त आहे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर या वयात देऊच नये. द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून चार भाग करावेत. मात्र उबळ येणं वेगळं आणि अडकणं वेगळं. उबळ आली की आवाज होतो, चेहरा लाल होतो, घास पुढे येतो. शिकताना असं होणारच. अडकलं तर आवाजच बंद होतो, रडणंही फुटत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. वर्षाखालच्या बाळाला अशा वेळी हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थपका मारायच्या, घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, हे आलटून पालटून करत राहायचं आणि कुणाला तरी मदतीला पाठवायचं. न दिसणारा घास बोट घालून काढायला जाऊ नये, तो आणखी आत जातो. आणि जेवताना मूल बसलेलं असावं, कुणीतरी समोर असावं.

आता चमच्याकडे परत येऊ. समजा, चौदा महिन्यांची मुलगी आहे आणि ताटात दहीभात आहे. पहिलं काम भात घट्ट करण्याचं. चमचा उलटा केला तरी चार क्षण चिकटून राहील असा, म्हणजे तो तोंडाशी तिरपा झाला तरी निम्मा पोटात जातो. शिरा, लापशी, दाट नाचणीचं सत्त्व याच कामाचं. वरण-आमटी नको. दुसरं, भांडं. पसरट ताटलीत घास चमच्यापुढे पळत राहतो. उभ्या काठाच्या वाटीत तो काठाला अडतो आणि आपोआप चमच्यावर चढतो. वाटीखाली ओला रुमाल ठेवला की ती सरकत नाही. चमचा उथळ आणि आखूड, जाड दांड्याचा. बारशात आलेला चांदीचा नाजूक चमचा तूर्त कपाटातच बरा. बसताना पाय लोंबकळू नयेत, खुर्ची असेल तर पायाखाली पाट ठेवावा. पाय टेकले की धड स्थिर राहतं आणि हात मोकळा होतो.

शिकवायचं मात्र उलट्या क्रमाने. वाटीतून घास घेणं ही अवघड पायरी आपण करायची, चमचा भरून वाटीच्या काठावर ठेवायचा, तिने फक्त उचलून तोंडात घालायचा. हात वाकडा होत असेल तर बोटांना न धरता कोपराला किंवा मनगटाला खालून हलका आधार द्यावा. हे जमलं की वाटीत चमचा घालताना आपला हात तिच्या हातावर, मग फक्त मनगटाखाली, मग काढून घ्यायचा. दुसरा चमचा आपल्या हातात असू द्यावा. तिच्या चार प्रयत्नांत एक घास आपण भरवला की पोटही भरतं आणि कुणी चिडत नाही.

पसाऱ्याचं म्हणाल तर तो टळत नाही, पण आवरता येतो. खाली जुनी चादर, वाटीत एका वेळी दोनच चमचे भात, अंगात बंडी. प्रत्येक घासाला तोंड पुसू नये. सारखं पुसलं जाणारं मूल तोंड फिरवायला शिकतं, आणि ओठांवरचा भात जिभेने काढणं शिकायचं राहून जातं. घास फेकायला सुरुवात झाली की बहुधा पोट भरलेलं असतं. वाटी उचलावी, व्याख्यान देऊ नये. रोजच्या सगळ्या जेवणांत हे करण्याची सक्ती नाही. कामावर जायच्या घाईत सकाळी भरवा. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं द्या, तेही मूल भुकेने कावलेलं नसताना. मोबाईल समोर ठेवून भरवलं तर सांडत नाही, हे खरं. पण हात बसून राहतो.

काही गोष्टी मात्र डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात. वर्ष उलटूनही बाळ बोटांच्या चिमटीत काहीच उचलत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरून दुसरा कायम मुठीत ठेवत असेल, किंवा घासाबरोबर वारंवार खोकला येऊन घशात घरघर होत असेल, तर वाट पाहू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर महिने जन्मतारखेपासून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.

बाकी मुलांबाबत अपेक्षा इतकीच: दीड वर्षाला चमच्याची धडपड दिसावी, दोन वर्षांला बरंचसं तोंडात जावं. आमटी न सांडता खाणं त्याच्याही नंतर येतं.