एक पीक, तीन विषय

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेची तयारी करणारी मुलं उजळणीचं वेळापत्रक बहुधा विषयवार आखतात: दहा दिवस पीकशास्त्र, मग मृदाशास्त्र, शेवटी कृषी अर्थशास्त्र. तिसरा विषय हातात घेईपर्यंत पहिल्यातल्या खतमात्रा आणि अंतरं पुसट झालेली असतात. माझ्या मते उजळणी पीकवार करावी.

बागायती गहू घ्या. वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. हे पाठ असतं; पण प्रश्न येतो डीएपी आणि युरिया किती लागेल असा. डीएपीत ४६ टक्के स्फुरद, म्हणून ६० किलोसाठी सुमारे १३० किलो डीएपी. त्यात १८ टक्के नत्रही असतं, म्हणजे साडेतेवीस किलो नत्र तिथेच मिळालं. उरलेल्या साडेशहाण्णव किलोंसाठी ४६ टक्क्यांचा युरिया सुमारे २१० किलो. डीएपीतलं नत्र वजा करायला विसरलात, तर उत्तर २६१ येतं आणि पर्यायांत तेही हमखास असतं.

याच कागदावर मृदाशास्त्र येतं. सगळा युरिया पेरणीलाच का देत नाहीत? विम्लधर्मी काळ्या जमिनीत वर पसरलेल्या युरियातलं नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडतं, शिवाय रोपाला सुरुवातीला एवढ्याची गरजही नसते. म्हणून अर्धं नत्र पेरणीला आणि अर्धं २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना पाण्याबरोबर. स्फुरद मात्र पेरणीलाच बियाण्याखाली पेरून द्यायचं; चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं, त्यामुळे मुळाजवळ असलेलंच उपयोगी पडतं.

मग अर्थशास्त्र. समजा नत्र १०० वरून १२० किलो केल्यावर गहू १२० किलो वाढला आणि १४० केल्यावर आणखी फक्त १०. गव्हाचा भाव किलोला २५ रुपये आणि नत्र देण्याचा खर्च किलोला १५ धरला, तर प्रत्येक टप्प्याला ३०० रुपये लागतात. पहिल्यात ३,००० मिळतात, दुसऱ्यात २५०. म्हणजे १२० वर थांबायचं. घटत्या सीमांत उत्पादनाचा आलेख हाताने काढून पाहिला की नियम निराळा पाठ करावा लागत नाही.

असं रोज एकच पीक घ्या आणि तेच तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर उतरवा. चूक झाली तर आकडा विसरला, कारण कळलं नव्हतं की गणित चुकलं, हे तिथेच लिहा. विसरलेला आकडा पुन्हा पाहून भागतो. न कळलेल्या कारणासाठी पाठ्यपुस्तकाकडेच परतावं लागतं.

या पद्धतीत मृदानिर्मिती, सहकार, कृषी पतपुरवठा असे काही धडे कोणत्याच पिकाला जोडता येत नाहीत. त्यांच्यासाठी आठवड्यातला एक दिवस आधीच राखून ठेवा.