डीएससी आहे म्हणून ईमेल गुप्त होत नाही

भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, फ्लॅटचे करार, हक्कसोडपत्रं ही कामं करणाऱ्या वकिलांच्या कार्यालयांत एक वाक्य सतत कानावर येतं: "आमच्याकडे डीएससी आहे, त्यामुळे आमचा मेल सुरक्षितच असतो." नसतो! डीएससीच्या टोकनमधली गुप्त किल्ली सही करते. मेल कोणी पाठवला आणि वाटेत बदलला नाही ना, एवढंच त्या सहीने कळतं. मजकूर उघडाच राहतो.

मजकूर कुलूपबंद करायला पाठवणाऱ्याची नव्हे, घेणाऱ्याची सार्वजनिक किल्ली लागते आणि ती त्याच्या प्रमाणपत्रात असते. शिवाय आपल्याकडे सहीचं आणि एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र वेगवेगळं मिळतं. विश्वास बसत नसेल तर संगणकावर आपलं प्रमाणपत्र उघडून `Key Usage` पाहा. तिथे फक्त `Digital Signature, Non-Repudiation` असेल, तर ते सहीपुरतंच आहे. एन्क्रिप्शनसाठी `Key Encipherment` असावं लागतं.

समजा, भाऊ भाईंदरला आणि बहीण कॅनडात आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा, आधार आणि पॅनच्या प्रतींसह तिला पाठवायचा आहे. ती मोबाइलवर साधं जीमेल वापरते, प्रमाणपत्र तिच्याकडे नाही. मग कुलूप लावणार कशाने? एका दस्तासाठी तिला प्रमाणपत्र घ्यायला लावणं व्यवहार्य नाही. इथे सुरक्षित पोर्टलच हवं, कागद त्यावर ठेवायचे. मेलमध्ये फक्त लिंक जाईल आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर. ओटीपी त्याच मेलबॉक्समध्ये पाठवला, तर मेलबॉक्स फोडणाऱ्याला कागदही मिळतात. लिंक चुकीच्या पत्त्यावर गेली तर ती बंद करता येते. फाइल कधी उघडली याची नोंदही राहते. मात्र उतरवून घेतलेली प्रत परत येत नाही.

उलट, एखाद्या बँकेच्या त्याच अधिकाऱ्याला दर महिन्याला टायटल रिपोर्ट जात असेल, तर प्रमाणपत्राचा मार्ग चांगला. दोघांकडे एन्क्रिप्शनची प्रमाणपत्रं असतील, तर ती एकदाच एकमेकांना द्यायची. पुढे दर वेळी पोर्टलवर लॉगिन नको आणि मधल्या मेल सर्व्हरलाही मजकूर वाचता येत नाही.

अशीच आणखी काही चुकीची वाक्यं कानावर येतात. "एन्क्रिप्ट केलं की सगळं झाकलं." विषयाची ओळ बहुधा उघडीच जाते, तिथे पक्षकाराचं नाव लिहू नका.

"मुदत संपली, जुनं टोकन टाकून द्या." त्या किल्लीने बंद झालेले जुने मेल मग तुम्हालाही उघडणार नाहीत.

"पीडीएफला जन्मतारखेचा पासवर्ड पुरे." शंभर वर्षांत साधारण 36,525 तारखा असतात, संगणक त्या सहज तपासून संपवतो.

"पोर्टलवरचं पोर्टलवाल्यालाही दिसत नाही." अनेकदा किल्ली त्याच्याचकडे असते, ती कोणाकडे राहणार, हे करार करण्याआधी लेखी विचारा.